थाळनेरचा दरबार आणि पितळी चकत्या

मे महिन्यात आमच्या सोनगीरच्या घरी भाचे-पुतणे मिळून सात पोरं जमली. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. चार दिवसांत पत्ते झाले, कॅरम झाला आणि मग भांडणं सुरू झाली. त्याच सुमारास एका सकाळी आम्ही सगळ्यांना शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला घेऊन गेलो होतो. तापीकाठचे फारुकी सुलतानांचे मकबरे पाहून परतताना मोठ्या भाच्यानं विचारलं, "खाला, इथे लढाई कोणाची झाली?" आम्ही म्हटलं, "लढाईचं नंतर बघू. आधी इथे एक दरबार भरला होता, त्याची गोष्ट ऐक."

1508 मध्ये खानदेशचा सुलतान दाऊदखान वारला. त्याचा मुलगा गझनीखान गादीवर बसला आणि दहाच दिवसांत विषप्रयोगानं गेला. गादी मोकळी, आणि दावेदार दोन. गंमत अशी की दोघांचंही नाव आलमखान! एकाच्या मागे अहमदनगरचा निजामशहा, वऱ्हाडचा इमादशहा आणि इथला सरदार मलिक हिसामुद्दीन. दुसरा गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याचा नातू, मुलीचा मुलगा. त्याच्या बाजूनं मलिक लाडन. शेवटी 1509 मध्ये महमूद स्वतः फौज घेऊन थाळनेरला आला, दरबार भरवला आणि नातवाला आदिलखान नावानं गादीवर बसवलं.

घरी पोचेपर्यंत पोरांनी ठरवून टाकलं, याचाच खेळ करायचा. तलवार नाही, फासे नाहीत. फक्त बोलायचं.

आम्ही सात भूमिका काढल्या. हिसामुद्दीन, मलिक लाडन, अहमदनगर, वऱ्हाड आणि गुजरात यांचे तीन वकील, आणि आमच्या मनाचे दोन जण, खजिनदार आणि हकीम. सुलतान कोणालाच केलं नाही. सुलतान झालेला मुलगा हुकूम सोडत बसला असता आणि बाकीचे मान डोलावत. गादी रिकामी असली की प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारी जावंच लागतं.

मतांचा हिशोब सोपा ठेवला. अहमदनगरच्या बाजूला सुरुवातीलाच तीन मतं, गुजरातच्या बाजूला दोन, आणि खजिनदार व हकीम मोकळे. बरोबरी झाली तर महमूदाची फौज दाराशी आहे म्हणून गुजरात जिंकणार. म्हणजे एका बाजूला संख्या, दुसऱ्या बाजूला वेळ. दहा-दहा मिनिटांच्या पाच पाळ्या, आणि पाचवी संपली की दरबार.

उपकाराची देवघेव दिसावी म्हणून शेजारच्या तांबटाकडून पितळेच्या कातरणातल्या चकत्या आणल्या. प्रत्येकाला तीन, त्यांवर खिळ्यानं त्याची खूण. आपली चकती दुसऱ्याला दिली की त्याचं एक काम आपल्यावर चढलं. एक मत, एक प्रश्नाचं खरं उत्तर किंवा एका गोष्टीवर मौन, जे ठरेल ते. काम झालं की चकती परत.

पहिल्या संध्याकाळी खेळ जागेवरच बसला. प्रत्येकाच्या चिठ्ठीत एक गुपित होतं आणि प्रत्येकानं ते मुठीत धरून ठेवलं. चूक आमची होती. गुपित जपण्यात काही तोटाच नव्हता, मग ते कोण सोडणार? दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्य गुपिताचे दोन तुकडे केले. हकिमाला माहीत, की जहर हिरव्या पगडीच्या नोकरानं नेलं. खजिनदाराला माहीत, की हिरव्या पगडीचा नोकर कोणाच्या पगारावर आहे. एकेकटं कळून काही उपयोग नाही. शिवाय जहर हकिमाच्याच दुकानातून गेलं, म्हणजे तोंड उघडलं तर पहिली मान त्याची. गुपित असं हाताला चटका देणारं असलं की माणूस संरक्षण शोधत फिरतो. पैसे देणारा कोण, हे दर खेळाला तीन वकिलांतून चिठ्ठी टाकून ठरवलं. खऱ्या सरदारांच्या माथी खून मारायचा नव्हता.

आता खेळ पळाला, पण भलतीकडे. तेरा वर्षांच्या भाच्यानं धाकट्या बहिणीला चकती दिली, तिच्याकडून हवं ते काढून घेतलं आणि दरबारात "मी कुठे काय बोललो होतो?" म्हणत उलटला. ती जेवायला आली नाही. आमच्या अम्मींनी आम्हालाच सुनावलं, "सुट्टीत पोरांना झूट बोलायला शिकवता का?"

आम्ही रात्री चिठ्ठ्या पसरून बसलो. अम्मींचं म्हणणं घरापुरतं खरं होतंच, खेळापुरतंही खरं निघालं. त्या संध्याकाळी शेवटच्या दोन पाळ्यांत कोणी काही विकत घेतलंच नव्हतं. खोटं फुकट असेल तर कोणाच्याही बातमीला किंमत उरत नाही, आणि बातमीला किंमत नसेल तर गुपितांचा खेळ उरतो कुठे? मग दोन नियम लिहिले. लपवायला, गप्प राहायला, उत्तर टाळायला मुभा आहे, खोटं बोलायला नाही. आणि कोणी आपली चकती नाकारली, तर त्याच्या बाहेर असलेल्या सगळ्या चकत्या त्याच क्षणी बाद. मग ज्यांच्या हातात त्या आहेत, ते सगळेच त्याला वचन पाळायला लावतात.

तिसऱ्या संध्याकाळी भाचा खजिनदार होता आणि बहीण अहमदनगरची वकील. दुसऱ्याच पाळीत तिनं त्याची एक चकती मिळवली. बदल्यात एवढंच कबूल केलं, की खजिन्याच्या वह्या दरबारात कोणी उघडायला लावल्या तर ती आड येईल. तिकडे हकिमानं मलिक लाडनकडून वचन घेतलं, की जहर कोणी विकलं हे दरबारात विचारलं जाणार नाही. चौथ्या पाळीत हकीम आणि खजिनदार कोपऱ्यात भेटले आणि दोन तुकडे जुळले. नाव वऱ्हाडच्या वकिलाचं निघालं.

दरबारात आरोप सिद्ध झाला आणि वऱ्हाडचं मत गेलं. वकिलाला मात्र आम्ही खेळातून उठवलं नाही. मत गेलं तरी त्याच्या हातातल्या चकत्या चालतात, नाहीतर ते पोर उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसतं. आता अहमदनगरची दोन, गुजरातची दोन. हकीम गुजरातकडे गेला. खजिनदारालाही तिकडेच जायचं होतं. त्याचा पायही उचलला होता. तेवढ्यात बहिणीनं काही न बोलता ती चकती जमिनीवर ठेवली.

भाचा क्षणभर थांबला. मग गुपचूप तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीन आणि तीन. बरोबरी झाली, महमूदाची फौज आली आणि गादी आदिलखानाचीच झाली. बहीण हरली होती, पण जेवायला सगळ्यांत आधी तीच बसली, भावाच्या शेजारी.

कोणाला घरी हा खेळ मांडायचा असेल तर पाच ते आठ जण पुरेत. चारांत तट पडत नाहीत, आणि आठांच्या वर गेलं की दोघंतिघं नुसती ऐकत राहतात. चकत्या पुठ्ठ्याच्याही चालतील. आमच्या त्या पितळी चकत्या मात्र अम्मींनी आपल्या पानाच्या डब्यात ठेवल्या आहेत. पोरं मागायला गेली की त्या आधी विचारतात, "मागच्या वेळी कोणी नाकारली होती का?"