बझर कधी गप्प बसायला हवा?

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं मॉडेलचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "सर, अजून काय करू?" या प्रश्नाला माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं. वायरी मागे लपव, नावं ठळक लिही, बझर लांबवर ऐकू जाऊ दे. मॉडेल चाललं पाहिजे आणि ते चालतंय हे परीक्षकाला लगेच कळलं पाहिजे, असं मी मनापासून मानत होतो. आज तसं मानत नाही. एका मुलीच्या प्रश्नामुळे मत बदललं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

मॉडेल होतं दरडीची सूचना देणारं. पोलादपूर तालुक्यात हा विषय मुलांना कुठून शोधावा लागत नाही. 22 जुलै 2021 च्या पावसात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या, शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गाव गाडलं गेलं. त्याच पावसात वर महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. फोटोत थर्माकोलचा डोंगर होता, त्यावर लाल मातीचा थर, मातीत रोवलेले दोन खिळे आणि खिळ्यांना जोडलेला बझर. माती भिजली की दोन खिळ्यांमधून वीज वाहते आणि बझर वाजतो. असं मॉडेल मी अनेकांना सुचवलेलं आहे. त्या मुलीने मात्र फोटोखाली लिहिलं होतं, "सर, आमच्याकडे माती जूनमध्येच भिजते. मग हा सप्टेंबरपर्यंत वाजतच राहील ना?"

तिचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि त्यामागचं विज्ञान तिच्या प्रश्नाहूनही पुढे जातं. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा घट्ट उभी राहते. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं: कोरड्या मातीचा बुरूज ढासळतो, ओल्या मातीचा टिकतो. कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. म्हणजे पहिल्या पावसाला खिळ्यांचा बझर वाजतो तेव्हा माती उलट अधिक सावरलेली असते. धोका येतो तो पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्यावर. आपल्या उतारांवर माती आणि मुरमाखाली कातळ असतो. पाणी कातळापर्यंत उतरतं, तिथे तुंबतं आणि तळापासून वर चढू लागतं. पाण्याने भरलेली माती तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साधारण दुप्पट वजनाची असते. त्यामुळे कणांचा जवळजवळ निम्मा भार पाणी उचलून धरतं आणि कणांची एकमेकांवरची पकड तेवढी कमी होते. खाली ओढणारं वजन मात्र कमी होत नाही.

म्हणून वरची ओल मोजून काही कळत नाही, तळातल्या पाण्याची पातळी मोजावी लागते. मी तिला रंग-रंगोटीचं काहीच सांगितलं नाही. थर्माकोलचा डोंगर बाजूला ठेव आणि एक साधा उतार कर, एवढंच कळवलं.

60 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद फळी घ्यायची. दोन्ही बाजूंना कडा, त्यातली एक पारदर्शक प्लास्टिकची. खालच्या टोकाला बारीक जाळी आणि तिच्या आत थोडी खडी, म्हणजे पाणी बाहेर पडेल. फळीवर धुतलेल्या, मध्यम जाडीच्या वाळूचा 6 सेंटिमीटर थर. गावची लाल माती इथे चालत नाही. ती चिकट असते, आणि एवढ्या पातळ थरात तो चिकटपणाच तिला धरून ठेवतो. फळीचं वरचं टोक 27 सेंटिमीटर उचललं की उतार 27 अंशांचा होतो. हा कोन मुद्दाम निवडलेला आहे. अशी कोरडी वाळू साधारण 35 अंशांपर्यंत टिकते, आणि पाण्याने काठोकाठ भरून वाहू लागली की 20 अंशांच्या आसपासच घसरते. 27 अंश या दोन्हींच्या मधोमध येतो. हिशेब केला तर इथे वाळू घसरायला थराच्या निम्म्याहून किंचित जास्त उंचीपर्यंत, म्हणजे 3 सेंटिमीटरच्या थोडं वर, पाणी चढावं लागतं.

पाणी मोजायला बोटाएवढी जाड पारदर्शक नळी घ्यायची. तिच्या खालच्या टोकाला भोकं पाडून वर फडकं गुंडाळायचं आणि ती फळीशी काटकोनात, थेट तळापर्यंत रोवायची. बझरच्या दोन तारांची टोकं नळीत 2 सेंटिमीटर उंचीवर ठेवायची. नळाच्या पाण्यातून वीज फार थोडी वाहते, म्हणून मध्ये बीसी-547 हा ट्रान्झिस्टर लावायचा. वाळू नुसती ओली असेल तर बझर गप्प राहील, घसरण्याआधी वाजेल आणि पाणी ओसरलं की पुन्हा थांबेल.

तिच्या दुसऱ्या फोटोत सगळी वाळू खाली आलेली होती, तीही पाणी न घालता. कारण फोटोतच दिसत होतं: वाळूचा थर अख्खाच्या अख्खा सरकला होता आणि मागे फळी स्वच्छ उघडी पडली होती. गुळगुळीत फळीवरून थर निसटला होता, वाळूची पकड सुटलेली नव्हती. फळीला गोंद लावून त्यावर वाळू चिकटवायला सांगितलं. पुढच्या फोटोत वाळूवर उभे ओघळ होते आणि खाली गढूळ पाणी साचलं होतं. ती वरून तांब्याने पाणी ओतत होती. ही धूप झाली, दरड नव्हे. दरडीत आधी वरच्या बाजूला आडवी, कमानीसारखी भेग पडते, पायथा फुगतो आणि मग थर एकत्र सरकतो. बादलीतून आलेली, भोकं पाडलेली नळी फळीच्या वरच्या टोकाला आडवी बसवली आणि तोटी हळूहळू सोडली, तेव्हा पाणी आतून उतरू लागलं. बझर वाजला, थोड्या वेळाने भेग पडली आणि मग वाळू सरकली.

घसरण्याच्या क्षणी नळीतलं पाणी हिशेबापेक्षा जरा वर होतं. तिला वाटलं, मॉडेल चुकलं. मी म्हटलं, हा आकडा झाकू नकोस, तक्त्यावर लिही. बाजूच्या कडा आणि खालची खडी वाळूला थोडी धरून ठेवतात, हिशेबात त्यांचा आधार धरलेला नाही. हे समजावून सांगता येणं हाच तिच्या प्रयोगाचा गाभा आहे.

याच तक्त्यावर मॉडेलच्या मर्यादाही लिहायला सांगितल्या. खऱ्या डोंगरात एक नळी पुरत नाही. कातळाच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जातं हे वरून दिसत नाही, रस्त्यासाठी पायथा तोडलेला असला तर कमी पाण्यातही उतार सुटतो, आणि झाडांची मुळं वरचा थरच धरतात. म्हणून या बझरवर विसंबून कुणी घरात थांबू नये. जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर बझरची वाट न बघता बाहेर पडायचं.

वायरी नीट असाव्यात, अक्षर सुवाच्य असावं, हे मी आजही सांगतो, पण शेवटी. आधी विचारतो: तुझा बझर कधी वाजू नये? आमच्याकडे पावसाळ्यात लोक रात्री घर सोडून शाळेत मुक्कामाला जातात. प्रत्येक सरीला वाजणारी सूचना त्यांना चार दिवसांत ऐकू येईनाशी होईल. त्या मुलीला हे माझ्याआधी दिसलं, कारण ती त्याच उतारावर राहते.