दोन टक्क्यांची ती ओळ

प्रिय ताई,

तू पाठवलेलं फोरक्लोजर स्टेटमेंट वाचलं. बाकी मुद्दल ११,४०,००० रुपये. त्याखाली मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क दोन टक्के, म्हणजे २२,८००, आणि त्यावर जीएसटी ४,१०४. हे २६,९०४ रुपये भरू नकोस.

"माफीचा अर्ज द्या, साहेब बघतील," असं काउंटरवर सांगितलं म्हणतेस. पण माफी मागायला ते देणं तर असायला हवं! व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकेने हे शुल्क घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजीच सांगितलंय. २ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात तर सहकर्जदार असला तरी हेच लागू, असं स्पष्ट आहे. त्यामुळे भाऊजींचं नाव कर्जात आहे म्हणून अडत नाही.

मग ती ओळ आली कुठून? तुझ्या कर्जाचा दर पहिली तीन वर्षं स्थिर होता. खात्यावर तीच जुनी नोंद राहिली असावी. माझ्याही खात्यात नेमकं हेच निघालं होतं. म्हणून पुरावा जोड: मंजुरीपत्रातलं 'तीन वर्षांनंतर बदलता दर' असं लिहिलेलं पान, आणि त्यानंतर दर बदलल्याची बँकेची पत्रं. आज दर स्थिर असता, तर मला इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं.

अर्जात एवढंच लिही: "माझं कर्ज बदलत्या दराचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ५ जून २०१२ आणि २ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकांनुसार मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लागू होत नाही. ते व त्यावरील जीएसटी काढून, रोजच्या व्याजाच्या आकड्यासह सुधारित स्टेटमेंट द्यावं." कर्ज खाते क्रमांक घाल, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे, शिवाय तेच ईमेलनेही पाठव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते.

रोजच्या व्याजाचा आकडा का मागायचा, तर साडेआठ टक्क्यांनी तुझं व्याज दिवसाला साधारण २६५ रुपये होतं. स्टेटमेंट दहा तारखेपर्यंतचं असेल आणि पैसे तेराला जमा झाले, तर तीन दिवसांचे जवळपास ८०० कमी पडतात आणि खातं बंद होत नाही. हप्ता पाच तारखेला कापला जातो ना? मग तो गेल्यावरचीच तारीख धर, नाहीतर इकडे पूर्ण रक्कम भरशील आणि तिकडे हप्ताही जाईल.

पैसे भरल्यावर घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये तिनेच तुला द्यायचे आहेत.

आधी ते मंजुरीपत्र शोध. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, खरेदीखताच्या पिशवीत भाऊजींनी ठेवलेलं मला आठवतंय.

तुझा,
बाळू