रविवारच्या टेस्टला न येणाऱ्या मुलास

(मी आठवडाभर खराडीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शनिवार-रविवार वाघोलीतल्या एका क्लासमध्ये बारावीला गणित शिकवतो. ही चिठ्ठी तिथल्या एका विद्यार्थ्यासाठी लिहिली. त्याला विचारून इथे देतो आहे.)

गेल्या पाच रविवारांपैकी चार तू आला नाहीस. दर वेळी मेसेज एकच : ‘दादा, रिव्हिजन झाली नाही, पुढच्या वेळी नक्की.’ तू आळशी नाहीस, हे तुझ्या वह्या बघून मला माहीत आहे. म्हणून तू दिलेल्या त्या एकाच टेस्टबद्दल बोलू.

सीईटीला गणिताचे 50 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. आपली टेस्ट त्याच्या बरोबर निम्मी, 25 प्रश्न आणि 45 मिनिटं. तुझे 11 बरोबर, 5 चूक, 9 कोरे. 50 पैकी 22 मार्क बघून तू म्हणालास, ‘काहीच येत नाही मला.’ मी मात्र नोंदी उघडून बसलो. टेस्टचं पान मीच लिहिलंय, त्यात प्रत्येक प्रश्नावर किती वेळ गेला ते साठवलं जातं. पाच चुकांपैकी दोन चिन्हाच्या होत्या, आणि एका ठिकाणी ‘असत्य विधान कोणते’ हे तू ‘सत्य’ असं वाचलंस. खरोखर न येणारे असे दोनच. कोऱ्या नऊपैकी शेवटच्या सहापर्यंत तर तू पोचलाच नाहीस.

का पोचला नाहीस, याचं उत्तर एका बरोबर सोडवलेल्या प्रश्नात सापडलं :

```
I = ∫ sin x / (sin x + cos x) dx,  0 ते π/2
```

तू अंश-छेदाला cos x ने भागलंस, tan x = t घेतलंस, पार्शल फ्रॅक्शन केले आणि π/4 आणलंस. रीत बरोबर, उत्तर बरोबर, वेळ 7 मिनिटं 42 सेकंद. तेवढ्यात चार प्रश्न झाले असते. इथे x च्या जागी π/2 − x ठेवलं की sin आणि cos जागा बदलतात. दोन्ही इंटिग्रल्सची बेरीज केली की आत फक्त 1 उरतो, म्हणून 2I = π/2. दोन ओळी.

गंमत म्हणजे ही युक्ती तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे. पण ती ‘डेफिनिट इंटिग्रेशनचे गुणधर्म’ या मथळ्याखाली आहे, आणि मथळा अर्धं उत्तर सांगून टाकतो. टेस्टमध्ये या प्रश्नाआधी व्हेक्टर होता आणि नंतर प्रोबॅबिलिटी. कुठली रीत लावायची हे तिथे स्वतःलाच ठरवावं लागतं, आणि घरी कितीही गणितं केलीस तरी नेमका हाच सराव होत नाही.

रिव्हिजनचंही तसंच. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. त्यातही, आपल्याला छान आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता! तो उतारा होता, कॅल्क्युलस नव्हे, हे मान्य. आणि जे मुळात समजलेलंच नाही ते टेस्ट देऊन समजणार नाही, त्यासाठी फळ्यापाशीच यावं लागेल. पण ‘वाचताना येतं, म्हणजे येतं’ हा भास तुझ्याही वहीत आहे.

दर आठवड्यालाच का, हेही तू विचारलं होतंस. आमच्याकडे कोडमध्ये थोडा बदल झाला की लगेच टेस्ट चालवतात. कारण काही मोडलं तर शोधायला कालपासूनच्या वीस-पंचवीस ओळीच असतात. तीन महिन्यांनी कळलं तर सगळाच ढीग उपसावा लागतो. तुझ्या चिन्हाच्या दोन्ही चुका cos x च्या इंटिग्रेशनमध्ये होत्या. रविवारी सापडल्या, म्हणून मंगळवारी दुरुस्त करता आल्या. प्रिलिममध्ये त्या ‘इंटिग्रेशन कच्चं’ एवढ्या एका शेऱ्याखाली गेल्या असत्या.

आता जे तू बोलला नाहीस ते. टेस्ट संपल्यावर तासाभरात सगळ्यांचे मार्क पालकांच्या ग्रुपवर पडतात. त्या रविवारनंतरच तू यायचा थांबलास, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ही पद्धत मला पहिल्यापासून आवडत नाही; ज्या कागदावर चुका व्हायलाच हव्यात, त्याची दवंडी कशाला? क्लासच्या मालकांशी बोललो. ते पूर्ण बंद करायला तयार नाहीत, पण माझ्या विषयाचे आकडे दिवाळीपर्यंत ग्रुपवर जाणार नाहीत, एवढं त्यांनी कबूल केलंय. तुझ्या बाबांशी काय बोलायचं ते तू ठरव. हवं तर मी बरोबर येईन.

या रविवारी आठ वाजता. नगर रोडला त्या वेळी फारशी गर्दी नसते, केसनंद फाट्यावरून दहा मिनिटांत पोचशील. रिव्हिजन न करता ये. दोन मिनिटांत वाट सापडली नाही तर प्रश्न सोडून पुढे जा, आणि संपल्यावर कच्चा कागद फेकू नकोस. मला तोच बघायचा आहे.