‘उदाहरणार्थ’ची जागा

चि. मृणाल,

तुझी चार पानं पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस की ‘कोसला’च्या सुरुवातीचं एवढं कौतुक कशाला, त्यात ना प्रसंग, ना वर्णन, एक मुलगा नाव-वय सांगतो आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणतो. तुझ्या पानांबद्दल शेवटी लिहितो. आधी हा मुलगा.

तो नाव सांगतो, पांडुरंग सांगवीकर. मग आजचं वय सांगतो, पंचवीस. इथपर्यंत हजेरी दिल्यासारखं किंवा नोकरीचा अर्ज भरल्यासारखं चाललेलं असतं. पण वयाच्या अलीकडे त्याने ‘उदाहरणार्थ’ हा शब्द घातलाय, आणि सगळी मेख तिथे आहे. मृणाल, वय कधी उदाहरणार्थ असतं का? हा वर्गातला शब्द आहे, गाइडातला. मास्तर आधी नियम सांगतात आणि मग उदाहरण देतात. इथे नियमाचा पत्ता नाही, एकदम उदाहरणच समोर येतं. हा स्वतःचंच आयुष्य उदाहरण म्हणून पुढे करतो. मग हे कशाचं उदाहरण, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उरतो, आणि तीनशेहून जास्त पानं आपण त्या न सांगितलेल्या नियमाच्या शोधात वाचतो. कादंबरी सुरुवातीला वचन देते असं आपण म्हणतो ना, ते इथे एका क्रियाविशेषणात दिलेलं आहे.

एक करून बघ. तो शब्द काढून वाक्य मोठ्याने वाच, बायोडेटा उरेल. त्याच्या जागी ‘जेमतेम’ घाल, बिचारा होईल. ‘अखेर’ घाल, नाटकी होईल. ‘उदाहरणार्थ’ने तो थट्टाही करतो आणि स्वतःपासून हातभर लांबही उभा राहतो. कॉलेजात शिकलेल्या भाषेची टिंगल त्याच भाषेत चालली आहे; वडिलांच्या पैशावर पुण्यात राहून, धड काही न होता गावी परतलेल्या मुलाच्या तोंडी ती शोभते.

लगेच पुढे ‘वगैरे’ येतो, तोही ‘तुम्हांला’ला चिकटून. वगैरे यादीच्या शेवटी लागतो: पोळी, भाजी वगैरे. ऐकणाऱ्याला वगैरे लावला की ऐकणाराच पातळ होतो. म्हणजे तो आपल्याशी बोलतोय खरा, पण आपण नसतो तरी त्याचं फारसं अडलं नसतं. शिवाय वाक्याची सुरुवात ‘खरं तर’ अशी. प्रामाणिकपणाची ग्वाही देऊन तो म्हणतो की सांगण्यासारखं एवढंच, आणि मग थांबता थांबत नाही. जो माणूस सांगण्यासारखं काही नाही म्हणतो त्याच्याजवळ बरंच असतं, हे आपल्याला ओसरीवरच्या गप्पांमधूनही ठाऊक असतं.

थट्टेमागे काय झाकलंय हे मात्र त्या परिच्छेदात कळत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, तिथे पोचल्यावर कळतं. तिथे हा हातभर लांब उभं राहण्याचा सराव त्याच्या कामी येत नाही. ते वाचून पुन्हा पहिल्या पानावर ये. तेच ‘उदाहरणार्थ’ आता हसवत नाही. पहिल्या परिच्छेदाची परीक्षा दुसऱ्या वाचनात होते, असं माझं मत आहे.

कादंबरी 1963 साली आली. नेमाड्यांचा जन्म 1938चा, म्हणजे लिहिणाराही पांडुरंगाच्याच वयाचा. फडके-खांडेकरांच्या घोटीव वाक्यांवर वाढलेल्या वाचकाला हा आवाज कसा लागला असेल, याची कल्पना कर. पुढे कित्येकांनी वगैरेचा सडा घातला. खरा आणि उसना वगैरे ओळखायला सोपा आहे: जिथे यादी होऊच शकत नाही तिथे तो बसला तर काहीतरी मोडतो, नुसता सवयीने आला तर काहीच मोडत नाही.

आता तुझी पानं. पहिली दोन वाक्यं पावसाची आहेत, कुणाच्याही कादंबरीत चालतील अशी. तिसरं मात्र ‘आई म्हणे सुखी होती.’ या ‘म्हणे’वर मी थबकलो. कुणी सांगितलं हे, आणि सांगणारीचा त्यावर विश्वास का नाही? मला पुढचं पान लगेच उलटावंसं वाटलं. आणि पुढच्या पानावर तू पुन्हा पावसात गेलीस.

तेवढा पाऊस काढ, ‘म्हणे’पासून सुरुवात कर आणि नव्याने पाठव. अक्षर जरा मोठं ठेव, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझा,
मामा