म्हैसूरहून माईंना

म्हैसूर, आषाढ

आदरणीय माई, सा. न. वि. वि.

पंढरपूरहून सुटणारी गोलगुंबज एक्स्प्रेस थेट इथपर्यंत येते, त्यामुळे दोन पोती आणि एक ट्रंक घेऊन कुठे उतरचढ करावी लागली नाही. विजयपूर, गदग, हुबळी अशी गाडी खाली सरकत गेली तसा डब्यातल्या डब्यांमधला पदार्थ बदलत गेला. आपल्याकडची ज्वारीची भाकरी हुबळीपर्यंत दिसली. त्यापुढे नाचणी आणि भात.

आमची संस्था, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, १९५० साली एका राजवाड्यात सुरू झाली. म्हैसूरच्या राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल तो. मी मात्र मागच्या बाजूला, दळणाच्या शाळेत असते. स्वित्झर्लंडच्या मदतीने उभी राहिलेली ही शाळा. चार मजली गिरणीत गहू वर चढतो आणि खाली येताना दळला जातो. आमच्या गावच्या गिरणीत अप्पा दारातच डबा ठेवून घेतात, तेवढ्यात सगळं आटोपतं. इथे पहिला दिवस नुसता गव्हाला पाणी पाजण्यात जातो.

मी निघताना तुम्ही म्हणालात, शिष्यवृत्तीचा हिशेब पाठवू नकोस, काय कळलं ते लिही. तर हेच आधी लिहिते.

समजा १०० किलो गहू आहे आणि त्यात १० टक्के ओल आहे. दळण्याआधी ती १६ टक्क्यांवर न्यायची. पाणी किती घालायचं? बहुतेक जण सहा लिटर म्हणतात. पण पाणी घातल्यावर एकूण वजनही वाढतं, म्हणून ते कमी पडतं. गव्हातला कोरडा भाग ९० किलो, तो कायम राहतो. तो एकूण वजनाच्या ८४ टक्के व्हायला हवा. म्हणजे एकूण १०७ किलोच्या किंचित वर, आणि पाणी सात लिटरहून थोडं जास्त. मग गहू टाकीत दिवसभर मुरू द्यायचा. कडक गव्हाला वेळ जास्त लागतो, मऊ गव्हाला कमी.

एवढा खटाटोप कशासाठी? ओलीने कोंडा चिवट होतो आणि आतला गर ठिसूळ. मग खाचांचे रूळ दाणा फोडून गर खरवडतात आणि कोंडा मोठ्या पापुद्र्यांत बाजूला निघतो. पाणी कमी पडलं तर कोंड्याचा चुरा होऊन तो मैद्यात उतरतो. जास्त झालं तर गर कोंड्याला चिकटून राहतो आणि चाळण्या बुजतात. कमी पाण्याचा दोष ओळखायची एक जुनी युक्ती मला फार आवडली. पट्टीवर दोन पिठं शेजारी शेजारी दाबून बसवायची, पट्टी अलगद पाण्यात बुडवून काढायची आणि जरा वेळ थांबायचं. कोरडी असताना सारखीच पांढरी दिसणारी पिठं ओली झाली की एकात तपकिरी ठिपके उठून दिसतात. यंत्र नाही, खर्च नाही.

आणि अप्पांना सांगायला हवं ते म्हणजे, पोळीच्या पिठाला त्यांचे दगडच बरे. दगडांच्या दाबाने आणि उष्णतेने पिठातला स्टार्च जास्त दुखावतो, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ राहते. रुळांच्या मैद्याची पोळी म्हणूनच लवकर वातड होते. इथले शिक्षक हे वर्गात सांगतात, आणि मला उगीच आमचीच स्तुती ऐकल्यासारखं वाटतं.

तुमच्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या हप्त्यात फी आणि वसतिगृह भागलं. दगडांना टाकी लावायला अप्पांनी ठेवलेले पैसे मोडावे लागले नाहीत, हे तुम्हाला कळायला हवं.

आपली नम्र

म्हैसूर, मार्गशीर्ष

आदरणीय माई, सा. न. वि. वि.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. दळण आणि धान्यपरीक्षण या दोन्हीत चांगले गुण आहेत, यंत्रांच्या विषयात बेताचे. ती गुणपत्रिका वेगळ्या पाकिटात पाठवली आहे.

दुसऱ्या हप्त्यातून मी एक गोष्ट केली जी अभ्यासक्रमात नव्हती. घरून मालदांडी ज्वारी मागवली आणि शिक्षकांची परवानगी काढून तिच्यावर थोडं काम केलं. कारण इथल्या देवराज मार्केटमध्ये नाचणीचं पीठ महिनोन्महिने विकलं जातं आणि ते कडू होत नाही. आपल्याकडे ज्वारीचं दळण आठ-दहा दिवसांपुरतंच आणतात, बाजरीचं त्याहून थोडं. मला वाटायचं ही फक्त सवय आहे.

कारण दाण्यातल्या तेलात आहे. नाचणीत ते दीड टक्क्याच्या आसपास, ज्वारीत तीनच्या घरात, बाजरीत पाचपर्यंत. दाणा अख्खा असतो तोवर अंकुरातलं तेल आणि तेल फोडणारं विकर एकमेकांपासून दूर असतात. जात्यात किंवा गिरणीत दोघांची गाठ पडते आणि तिथून पीठ कडसर व्हायला लागतं. म्हणजे आज दळलेल्या पिठाचं आयुष्य दळतानाच मोजायला सुरुवात होते. पावसाळ्यात ओल आणि ऊब मिळाली की आणखी घाई.

उपाय दोन. एक, दाणा कांडून अंकुर आणि वरचा पापुद्रा काढून टाकणे. पीठ टिकतं, पण चव आणि चोथा दोन्ही जातात, आणि मग ज्वारीच कशाला खायची? दुसरा, दळण्याआधी दाण्याला उष्णता देऊन ते विकर निकामी करणे. बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून वाळवायची आणि मग दळायची, हे काम आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात कधीच झालेलं आहे. मी ते म्हैसूरच्या ग्रंथालयात वाचलं. घरापासून इतक्या जवळ असून गावात कुणाला ठाऊक नव्हतं, याचा थोडा रागही आला.

मी ज्वारीला वाफ दिली, वाळवली, दळली. शेजारी तशीच दळलेली ज्वारी ठेवली. वाफ न दिलेल्या पिठाला आधी वास आला, वाफवलेलं बरंच टिकलं. पण खरी परीक्षा भाकरीची. ज्वारीत गव्हासारखा ताण देणारा चिकटपणा नसतो. आधणाच्या पाण्याने पिठातला थोडा स्टार्च शिजतो आणि तोच बाकीच्याला धरून ठेवतो. वाफ जास्त वेळ दिली की दाण्यातला स्टार्च आधीच शिजून पुन्हा कडक होतो. मग आधण घाला, मळा, काही करा, पीठ विरी गेल्यासारखं वागतं. थापताना कडा फाटतात आणि भाकरी फुगत नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी हे केलं तेव्हा भोवती जमलेल्या कन्नड बायकांनी शांतपणे त्या पिठाचे मुद्दे वळले आणि नाचणीसारखे सांबारात खाल्ले. मालदांडीचा असा उपयोग आपल्या मंगळवेढ्यात कुणी पाहिला नसेल. थोडाच वेळ वाफ दिलेल्या पिठाची भाकरी मात्र जमली. ताज्या दळणाइतकी गोड नव्हती, हे कबूल.

त्यामुळे गावात पिशवीबंद पीठ विकायचं खूळ मी तूर्त सोडलं आहे. शहरातल्या दुकानासाठी वाफेची रीत कामाची आहे. गावात गिरणी दारात असताना ताजं दळण हेच शहाणपणाचं. तिथे अडचण वेगळीच आहे: लोक ओलसर धान्य आणतात आणि दोष गिरणीवर येतो.

म्हणून एक विचारायचं आहे. तिसऱ्या हप्त्यातून पुस्तकांसाठी ठेवलेली रक्कम उरते, कारण पुस्तकं ग्रंथालयात मिळतात. तुमची हरकत नसेल तर त्यातून धान्याची ओल मोजायचं छोटं यंत्र घ्यावं म्हणते. ते अप्पांच्या गिरणीत राहील आणि ज्याला हवं त्याला आपलं धान्य तपासून घेता येईल. नको वाटत असेल तर स्पष्ट कळवा, मी रक्कम परत करीन.

गुडघ्यांची काळजी घ्या. कळावे, लोभ असावा.

आपली नम्र