पहिला जबाब

तोरणमाळच्या घाटात पावसाळ्यात समोरची गाडी दिसते ती अगदी वळणावर आल्यावर, आणि तीही धुक्यातून. समजा, अशा वळणावर एक जीप कलंडली आणि वर गुरं राखणाऱ्या एकाने ते पाहिलं. पाहणं दोन-तीन सेकंदांचं. तो धावत खाली येतो तोवर लोक जमलेले असतात. कोणी म्हणतो ड्रायव्हर प्यायलेला होता, कोणी म्हणतो मागून ट्रकने दाबलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तोच विषय, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो. मग पोलीस येतात. तो पावरीत सांगतो, हवालदार मराठीत लिहून घेतो. आणि काही वर्षांनी खाली शहाद्याला किंवा नंदुरबारला कोर्टात उभं करून त्याला विचारतात, त्या दिवशी तू काय पाहिलंस?

तो शपथेवर खरं तेच सांगायला आलेला असतो. पण त्याच्या सांगण्यातलं घाटातलं किती आणि टपरीवरचं किती, हे त्याला स्वतःलाही वेगळं काढता येत नाही.

*

आठवण एकदा पक्की झाली की पक्कीच, असं मेंदूशास्त्रातही बराच काळ मानलं जात होतं. 2000 साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेला प्रयोग नेमका इथे आडवा आला. उंदराला आधी एक आवाज ऐकवून पायाला विजेचा झटका दिला. पुढे नुसता आवाज ऐकला तरी तो भीतीने गोठून बसायचा. एक दिवस जाऊ दिला, म्हणजे आठवण मुरली. मग आवाज एकदाच ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं बनणं थांबवणारं औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकून उंदीर फारसा घाबरला नाही. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती जशीच्या तशी. आवाज ऐकवून सहा तासांनी दिलं तरीही जशीच्या तशी.

म्हणजे आठवण जागी केली की ती काही तास कच्ची होते आणि तिला पुन्हा मुरावं लागतं. चौदा दिवस जुन्या आठवणीचंही तेच झालं. याला स्मृतीचं पुनर्दृढीकरण म्हणतात. तेवढ्या वेळात काही आत शिरलं किंवा काही अडलं, तर परत जाऊन बसते ती आठवण आधीची नसते.

*

माणसाच्या मेंदूत असं औषध सोडता येत नाही. म्हणून अ‍ॅरिझोना विद्यापीठात अल्मुट हुपबाख आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये केलेला साधा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या दिवशी लोकांना वीस वस्तू दाखवून पाठ करायला लावल्या. दोन दिवसांनी दुसऱ्या वीस वस्तू. मात्र त्याआधी निम्म्या लोकांना पहिल्या दिवसाची आठवण करून दिली. तीच खोली, तीच बाई, आणि ‘त्या दिवशी आपण काय केलं होतं, आठवतं का?’ एवढाच प्रश्न. बाकीच्यांना वेगळ्या खोलीत वेगळ्या माणसाने शिकवलं. आणखी दोन दिवसांनी सगळ्यांना पहिल्या दिवसाच्या वस्तू विचारल्या.

ज्यांना आठवण करून दिली होती, त्यांच्या पहिल्या यादीत दुसऱ्या दिवसाच्या वस्तू घुसल्या होत्या. बाकीच्यांच्या यादीत जवळजवळ नाहीच. उलटी घुसखोरी मात्र झाली नाही. दुसऱ्या यादीत पहिलीतलं काही आलं नाही. नुसता गोंधळ असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. शिवाय दुसरी यादी शिकवल्या-शिकवल्या विचारलं, तर पहिली यादी स्वच्छ निघायची. भेसळ व्हायला मध्ये वेळ जावा लागत होता. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की आठवण उघडायला सगळ्यात कामी येते ती जागा, तीच खोली.

साक्षीदाराला घटनास्थळी नेऊन ‘इथे उभा राहा आणि सांग’ म्हणतात, तेव्हा मला ही खोली आठवते. जागेवर नेल्याने आठवण खरोखरच उघडते. म्हणूनच त्या क्षणी शेजारी कोण उभं आहे आणि काय बोलतं आहे, याला फार महत्त्व येतं.

*

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवायला हवी. साक्षीदाराची प्रत्येक चूक पुनर्दृढीकरणाच्या खात्यावर टाकता येत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की प्रश्नातला एखादा शब्दही उत्तर बदलतो. मोटारींच्या धडकेची फिल्म पाहिलेल्यांना गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, आणि आठवड्यानंतर फुटलेल्या काचा दिसल्या का असं विचारलं. 50 पैकी 16 जण हो म्हणाले. ‘आदळल्या’ऐवजी ‘लागल्या’ अशा सौम्य शब्दात ज्यांना विचारलं, त्यांच्यातले 7. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच.

पण यावरून मूळ आठवण पुसली गेली असं म्हणता येतं का? 1985 मध्ये मॅक्लॉस्की आणि झारागोझा यांनी नेमका हाच प्रश्न धरला. चित्रात हातोडी दाखवली, नंतरच्या मजकुरात पेचकस लिहिला. मग ‘हातोडी की पेचकस?’ विचारल्यावर लोक चुकले. तेच ‘हातोडी की पाना?’ असं विचारलं तर दिशाभूल झालेलेही इतरांइतकंच बरोबर सांगत होते. म्हणजे हातोडी आत शाबूत होती, फक्त पेचकस तिच्यापुढे येऊन उभा राहत होता. कधी मूळ आठवण बदलते, कधी ती तशीच राहते आणि ही गोष्ट पाहिली की ऐकली, एवढंच विसरतं. माणसांवरचे पुनर्दृढीकरणाचे काही प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर तसे निघालेलेही नाहीत. कोर्टातल्या एका माणसाकडे पाहून त्याच्या डोक्यात यातलं काय झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

*

11 जुलै 2006. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, 180 हून अधिक मृत्यू. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घेऊ नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

निकालात कबुलीजबाब, जप्ती असं बरंच आहे. मी थांबलो ते टॅक्सीचालकांपाशी. आरोपींना चर्चगेट स्टेशनला सोडलं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांचे जबाब झाले स्फोटानंतर शंभराहून अधिक दिवसांनी. कोर्टात त्यांनी बोट दाखवलं ते आणखी काही वर्षांनी. न्यायालयाचं म्हणणं असं की हे चेहरे इतके दिवस लक्षात राहावेत असं कोणतंच कारण त्या प्रवासात घडलेलं दिसत नाही.

मला हा मुद्दा विज्ञानाच्या बाजूनेही भक्कम वाटतो. चर्चगेटला जाणारं गिऱ्हाईक ही टॅक्सीवाल्यासाठी घटनाच नसते. दिवसभरातलं ते एक भाडं. त्याची घटना होते ती स्फोटाची बातमी कळल्यावर, आणि तेव्हा चेहरा समोर नसतो. पुढचे शंभर दिवस शहर दुसरं काही बोलत नव्हतं. 30 सप्टेंबरला पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन तपास उलगडल्याचं जाहीरही केलं होतं. अशा दिवसांत माणूस आपली भाडी पुन्हा पुन्हा आठवून पाहणारच, आणि दर वेळी ती आठवण नव्या बातमीच्या शेजारी उघडणार. त्या चालकांच्या बाबतीत असंच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण असं झालं नाही, हे दाखवायचं ओझं सरकार पक्षावर होतं.

*

त्याच निकालात ओळखपरेडही टिकली नाही. ती घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं.

महाराष्ट्रातले ओळखपरेडचे नियम वाचले की जाणवतं, ज्याने ते लिहिले त्याला स्मृतीचं नाजूकपण कळत होतं. एका संशयितामागे किमान सहा डमी, दिसायला त्याच्यासारखे. पोलिसांनी बाहेर जायचं. संशयिताने हवी ती जागा घ्यायची, हवे तर कपडे बदलायचे. ओळखून आलेल्या साक्षीदाराची बाहेर थांबलेल्याशी गाठ पडू द्यायची नाही. त्याआधी आरोपीला कोर्टात आणताना तोंड झाकायचं. नंतर मिळणाऱ्या माहितीला इथे एकेक दार बंद केलेलं आहे.

एक दार मात्र उघडं राहतं, ते परेडनंतरचं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998 मध्ये लोकांना एक अस्पष्ट चित्रफीत दाखवली आणि मग फोटोंतून गुन्हेगार ओळखायला सांगितलं. फोटोंत तो नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची निवड चुकीची. काहींना नंतर सांगितलं, ‘छान, संशयित तुम्ही बरोबर ओळखलात.’ ते पुढे सांगू लागले की आम्हाला तेव्हाच खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, आम्ही लक्ष देऊन पाहत होतो. एका शाबासकीने निवडीच्या आधीची आठवण बदलली. परेडच्या खोलीबाहेर कोणी पाठ थोपटली, तर त्याची नोंद कुठल्याच कागदावर येत नाही. कोर्टात दिसतो तो फक्त साक्षीदाराचा ठामपणा.

*

वकिलांच्या बोलण्यात ‘इम्प्रूव्हमेंट’ असा शब्द असतो. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदाराने कोर्टात सांगितली की ती इम्प्रूव्हमेंट. ‘हे तुम्ही जबाबात का सांगितलं नाही?’ ‘सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते माहीत नाही.’ महाराष्ट्रातल्या कोणत्याही फौजदारी कोर्टात बसलं तर हा संवाद ऐकू येतो. दोन्ही बाजू धरून चालतात की कोणीतरी लबाडी केली आहे. साक्षीदाराला ते आज खरोखरच आठवतं आहे आणि त्या दिवशी आठवत नव्हतं, ही तिसरी शक्यता उलटतपासणीत येतच नाही. नंतर आलेला तपशील टाकून देण्याचा कायद्याचा रिवाज योग्यच आहे. फक्त त्यासाठी माणसाला खोटारडा ठरवायची गरज नाही.

*

पुन्हा घाटातल्या गुराख्याकडे. त्याच्या बाबतीत सगळं अवलंबून आहे पहिल्या जबाबावर, आणि तो जबाब त्याच्या बोलीत नाही. त्याने ‘गाडी गेली’ म्हटलं असेल, कागदावर ‘भरधाव वेगाने निष्काळजीपणे चालवून’ आलं असेल, कारण कलमाला तेच शब्द लागतात. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पुढे साक्षीआधी हाच कागद त्याला वाचून दाखवला, तर हवालदाराचे शब्द त्याच्या आठवणीत उतरतील आणि कोर्टात तो ते आपले म्हणून सांगेल.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 मध्ये हा जबाब ध्वनिचित्रमुद्रणाने घेण्याची मुभा आहे. सक्ती नाही. धडगाव-तोरणमाळसारख्या भागात ती सक्ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पोलिसांनी टपरीवर चर्चा रंगायच्या आत पोचावं, साक्षीदारांना एकमेकांपासून दूर बसवावं, ‘ट्रकने दाबलं का?’ असं न विचारता ‘काय दिसलं, सुरुवातीपासून सांग’ म्हणावं आणि तो पावरीत बोलेल तसं बोलू द्यावं. त्याला किती खात्री आहे, हेही तिथेच विचारून त्याच्याच शब्दांत मुद्रित करावं. मराठी तर्जुमा नंतर होऊ शकतो, आणि तो चुकला असं वाटलं तर मूळ आवाज कोर्टात लावता येतो.