चोवीस लेझीम, एक ‘छन्’

आम्ही दोघे नवरा-बायको निफाडच्या एकाच शाळेत शिकवतो. एकाकडे शारीरिक शिक्षण, दुसऱ्याकडे गणित. दिवाळीची सुट्टी संपली की सहावी-सातवीच्या मुलामुलींना आम्ही मिळून लेझीम शिकवतो. आठवड्याला दोन तास, एकूण बारा तासिका. शेवट प्रजासत्ताक दिनाच्या मैदानावर होतो. या बारा तासिकांत काय करायचे आणि कुठे अडते, हे अनेक पालक आम्हांला विचारतात. आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न हमखास येतो: “सर, ही लेझीम मिरवणुकीतलीच ना? मग आमच्या मुलीला कशाला?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शब्दातच आहे. लेझीम हा शब्द फारसीतून आला. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले, सरावासाठीचे धनुष्य म्हणजे ‘लेझम’. इराणच्या जोरखान्यांत पहिलवान आजही असेच लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून हलवतात. त्याला ते ‘कब्बादा’ म्हणतात. आपल्याकडे ते तालमीत आले, हलके झाले, लाकडी दांड्याचे झाले, मग गावच्या उत्सवांत आणि शाळेच्या मैदानावरही आले. त्यातले हुकूमसुद्धा पाहा: ‘आगे पाव’, ‘आगे कूद’, ‘पीछे कूद’, ‘कदमताल’, ‘पवित्रा’. एका आजीने हे ऐकले आणि म्हणाल्या, “ये तो हमारे घर की बोली है.” मिरवणुकीत जायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. शाळेतली लेझीम शाळेच्या मैदानावर, शाळेच्या वेळेत होते, आणि तो व्यायामाचा तास असतो. एवढे स्पष्ट सांगितले की बहुतेक घरांतून परवानगी मिळते.

आता मूळ गोष्ट. साधारण हातभर लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली सैल साखळी, साखळीत लोखंडी चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. दांडा डाव्या हातात, मूठ उजव्या हातात. हात लांब नेला की लेझीम उघडते आणि आवाज होतो, जवळ आणला की मिटते आणि पुन्हा आवाज होतो. बघायला सोपे, पण खरी अडचण इथेच आहे. टाळी वाजवताना हात भिडला की आवाज येतो. लेझीममध्ये हात निघाल्यावर आधी साखळीचा सैलपणा जातो आणि मगच चकत्या एकमेकींवर आदळतात. म्हणजे आवाज हाताच्या किंचित मागून येतो. जे मूल हलगीचा ठोका ऐकून हात हलवते, त्याचा आवाज प्रत्येक वेळी उशिराच पडणार. ठोका ऐकायचा नसतो, तो येणार हे ओळखून त्याच्या थोडे आधी निघायचे असते. सगळे शिक्षण या ‘थोडे आधी’मध्ये आहे.

म्हणून पहिल्या दोन तासिकांत आम्ही लेझीम हातात देतच नाही. मुले नुसती आठ अंक मोजतात आणि जागेवर कदमताल करतात. गती सेकंदाला एक अंक, म्हणजे आठ अंकांना आठ सेकंद. मग एक खेळ सुरू होतो, त्याला मुलांनीच ‘मुका आठ’ नाव दिले. आठ अंक टाळी वाजवत मोठ्याने मोजायचे, पुढचे आठ तोंड बंद ठेवून, हात न हलवता मनात मोजायचे, आणि पुढच्या ‘एक’वर सगळ्यांनी एकदम टाळी द्यायची. पहिल्या दिवशी ती टाळी पावसाच्या सरीसारखी पसरते. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला ती गोळा होऊ लागते. ज्याला मनातला ठोका सांभाळता आला, त्याला पुढे ठोक्याच्या आधी निघणेही जमते.

तिसऱ्या तासिकेला लेझीम येते. आमच्याकडे ४८ मुले आणि लेझीम २४. म्हणून जोड्या लावतो. एक खेळतो, दुसरा समोर उभा राहून त्याचा एकट्याचा आवाज ऐकतो, पाच मिनिटांनी अदलाबदल. ऐकणाऱ्याने फक्त तीनपैकी एक शब्द सांगायचा: ‘आधी’, ‘बरोबर’ किंवा ‘नंतर’. लेझीम कमी असल्याची तक्रार आम्हीही पूर्वी करत असू. आता २४ आणखी मिळाल्या तरी पहिल्या सहा तासिका आम्ही जोड्याच ठेवू, कारण स्वतः खेळताना आपला उशीर आपल्या कानाला कळत नाही.

शिकवतो ते ‘आठ आवाज’. क्रम ठिकाणोठिकाणी थोडा बदलतो, आमचा असा: एकला वाकून डाव्या पावलापाशी उघडायची, दोनला मिटायची. तीनला कमरेशी उघडायची, चारला मिटायची. पाच-सहा छातीसमोर, सात-आठ डोक्यावर. आधी नुसते हात, पाय स्थिर. दुसऱ्या दिवशी नुसते पाय. तिसऱ्या दिवशी दोन्ही. दोन्ही एकदम सुरू केले की मुले पायांकडे बघतात आणि हात विसरतात. सातवीत एकाएकी उंच झालेली काही मुले असतात, त्यांना जास्त वेळ लागतो. त्यांचा हात लांब जातो म्हणून मिटायला उशीर होतो. त्यांना “जोरात” न म्हणता “थोडे कमी उघड” म्हटले की काम होते.

सुरक्षिततेचे नियम थोडे, पण पक्के. लेझीमसह हात बाजूला पूर्ण लांब करून शेजाऱ्याला लागत नाही एवढे अंतर हवे. बांगड्या आणि कडे काढून ठेवायचे. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, हिजाब पिनने आत खोचायचा, मोकळे टोक कुठेही लोंबता कामा नये, कारण साखळीत कापड अडकले की मान ओढली जाते. साखळीचे आकडे तासाआधी तपासायचे. डिसेंबरात निफाडची थंडी कशी असते ते सांगायला नको. सकाळी चकत्यांना हात लावला तर बोटे बधिर होतात आणि मूठ सुटते. म्हणून आमचा तास ऊन वर आल्यावर, तिसऱ्या तासिकेला.

सातव्या तासिकेपासून २४ लेझीम एकत्र वाजतात, सहाजणांच्या चार रांगा. आवाज जुळला तर एकच ‘छन्’ येतो, नाही जुळला तर ‘छर्रर्र’. बिघाड डोळ्यांना सापडत नाही, कारण सगळे हात एकदम हललेले दिसतात. आम्ही पाठ फिरवून ऐकतो आणि गट अर्धा करत जातो. आधी बारा वाजवा. स्वच्छ आला? मग दोष उरलेल्या बारांत. त्यांतले सहा, मग तीन. गेल्या खेपेला असे करत शेवटी एका मुलीपर्यंत आलो. ती रडकुंडीला आली होती, कारण तिच्या जोडीदाराने तिला दोन आठवडे ‘नंतर’ असेच सांगितले होते. आम्ही तिची लेझीम शेजारणीला दिली, शेजारणीची तिला. आता उशीर शेजारणीचा होऊ लागला! दोन्ही साखळ्या ताणून पाहिल्या तर तिची चांगली दोन बोटे लांब निघाली. सैलपणा जास्त, म्हणून आवाज उशिरा. सगळ्या लेझीम मोजल्या, तशा पाच सापडल्या. एक-एक कडी कमी करून घेतल्यावर त्याच मुलीचा आवाज सगळ्यांत नेमका पडू लागला. तेव्हापासून मुलाला दोष देण्याआधी लेझीम बदलून पाहायची, हा आमचा नियम.

दुसरा बिघाड हलगीचा. खेळ रंगला की वाजवणारा नकळत धावतो. आठ अंक चार वेळा म्हणजे बत्तीस ठोके, त्यांना आम्ही २४ सेकंद ठरवले आहेत. एक मुलगा घड्याळ घेऊन बसतो. शेवटचे बत्तीस २० सेकंदांत उरकले तर हलगी पळाली. मग हलगी थांबवून ‘मुका आठ’ घ्यायचा, गती ठिकाणावर येते.

रचना बदलताना मात्र गणित लागते. सहाजणांची रांग एका टोकाच्या मुलाभोवती चतकोर वर्तुळ फिरते, असे दृश्य मुलांनीच सुचवले. बाहेरचे मूल आठ अंकांत पोहोचेच ना, रांग धनुष्यासारखी वाकायची, आणि सगळे त्या मुलाला ओरडायचे. मग वर्गात फळ्यावर मांडले. दोघांमध्ये एक मीटर अंतर, म्हणजे बाहेरचे मूल मधल्या टोकापासून पाच मीटरवर. चतकोर वर्तुळाची वाट सुमारे ७.८५ मीटर. आठ पावलांत जायचे तर प्रत्येक पाऊल जवळपास एक मीटरचे! लेझीम वाजवत सहावीतले मूल ते टाकूच शकत नाही. सोळा अंक दिले तर पाऊल अर्ध्या मीटरचे, जमण्यासारखे. टोकाचे मूल मात्र सोळाही अंक जागेवर कदमताल करते, आणि आतल्यांनी मुद्दाम छोटी पावले टाकायची. आडव्या वेळी नजर समोर न ठेवता बाहेरच्या टोकाकडे ठेवायची. फळ्यावर हिशेब झाल्यावर त्या मुलाला कोणी ओरडले नाही. थांबायचे आपणच होते, हे आतल्या पाचांना कळले.

जोड्यांचा शेवटचा उपयोग गैरहजेरीत होतो. आमच्या तालुक्यात कांद्याची काढणी आणि पुढे द्राक्षांचा हंगाम आला की काही मुले चार-चार दिवस येत नाहीत. प्रत्येक जागा जोडीतल्या दोघांनाही पाठ असते, त्यामुळे रांगेत भोक पडत नाही. रोजा असलेले मूल त्या दिवशी घड्याळ घेते किंवा ऐकायला बसते, जोडीदार खेळतो.

बारा तासिकांत काय साधते याची मर्यादाही सांगावी. यातून तयार होतात ‘आठ आवाज’, ‘आगे कूद’-‘पीछे कूद’, पवित्रा आणि रांगेचे एक वळण. मनोरे किंवा बसून-उठून करायचे अवघड प्रकार यात बसत नाहीत, ते घाईने घेतले की आधी आवाज फाटतो. थोडेच शिकवा, पण शेवटच्या तासिकेला मैदानाकडे पाठ करून उभे राहा. चोवीस लेझीमचा एक ‘छन्’ आला, तर जोड्या अदलाबदल करा आणि उरलेल्या चोवीस जणांचाही ऐका. दोन्ही सारखे आले तरच शिकवणे पुरे झाले.